शुक्रवारी अकराला, कॉन्फरन्स दोन

आमच्याकडे सुरेश शिंदे दोन. एक आपले शिंदे, कॉस्टिंगमधले, तिसऱ्या मजल्यावर एसीच्या खाली बसतात आणि वर्षभर सर्दी असते. दुसरे भोसरीचे शिंदे, प्रेसशॉपवाले, आम्हाला सीटखालचं ब्रॅकेट पुरवतात, चौदा वर्षं झाली. कंपनीत कोणी नुसतं शिंदे म्हटलं की समोरचा विचारतो आपले की भोसरीचे, इतकी सवय. आउटलुक मात्र हे विचारत नाही.

परचेसचे काळे साहेब मंगळवारी संध्याकाळी घाईत होते. चाकणमधून सहानंतर निघालात तर तळेगाव चौकात आयुष्य जातं, म्हणून पावणेसहालाच त्यांची अर्धी बॅग भरलेली असते. त्याच दुपारी भोसरीच्या शिंद्यांचा पेमेंटचा मेल आलेला, त्या महिन्यातला कितवा तरी, आणि साहेबांनी त्याला नेहमीसारखं 'नोटेड' एवढंच उत्तर टाकलेलं. त्यामुळे संध्याकाळी टू मध्ये सुरेश टाईप केल्यावर वर कोण आलं असेल ते सांगायला नको. एंटर, सेंड, लॅपटॉप बंद.

मेल असा होता: 'शिंदे, शुक्रवारी ११ वाजता कॉन्फरन्स २ मध्ये बसू. विषय ब्रॅकेटचा सेकंड सोर्स. सध्याच्या पार्टीचं कॉस्ट ब्रेकअप घेऊन या, आणि डाय कोणाच्या मालकीची आहे ते जुन्या पीओत बघून ठेवा. बाहेर बोलू नका.'

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी, सेकंड सोर्स म्हणजे तोच पार्ट पुरवणारा दुसरा सप्लायर आणि डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा प्रेसवरचा साचा. डाय कोणाची हा प्रश्न कोणी विचारायला लागलं की समजायचं काम हलवायचं चाललंय. डायचे पैसे कंपनीने दिलेले असले तर ती कंपनीची, टेम्पो पाठवून उचलून आणायची आणि दुसऱ्याच्या प्रेसवर चढवायची. म्हणजे ज्याचं काम काढून घ्यायचंय त्यालाच कळवलं, वर बाहेर बोलू नका म्हणून ताकीद दिली.

साहेबांना हे घरी जेवताना लक्षात आलं. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, तोच मेल आपल्या शिंद्यांना पाठवला. दोन, पहिला मेल रिकॉल मारला. आता रिकॉल आपल्याच कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, बाहेरच्या जीमेलवर गेलेला मेल काही परत येत नाही, उलट समोरच्याला अजून एक मेल जातो की अमुक साहेब हा मेल परत घेऊ इच्छितात. ज्याने पहिला नुसता चाळला असेल तोही मग नीट उघडून वाचतो.

बुधवारी सकाळी भोसरीहून उत्तर. 'नक्की येतो साहेब. वेळ दिल्याबद्दल आभारी आहे.' खाली हात जोडलेले.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून मोबाईल दाखवला. मी सप्लायर क्वालिटीत, माझा यात काही संबंध नव्हता, पण साहेबांच्या डोक्यात प्लॅन तयार होता. "त्यांना कळलेलंच नाही," ते म्हणाले, "कळलं असतं तर असं उत्तर आलं असतं का? नवीन काम मिळतंय असं वाटलंय त्यांना. आता येऊ नका म्हटलं तर संशय येईल. तू असं कर, तुझे रिजेक्शनचे आकडे घेऊन बस, आपण क्वालिटी रिव्ह्यू करू, अर्धा तास बोलू, चहा पाजू आणि पाठवून देऊ."

मी म्हटलं सर सरळ फोन करून सांगितलं तर? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उठलेच.

शुक्रवारी पावणेअकराला भोसरीचे शिंदे हजर. सोबत मुलगा, बीकॉम झालेला, हल्ली हिशोब तोच बघतो. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, एरवी येतात तेव्हा बाहीला ऑईल असतं. कॉन्फरन्स दोन म्हणजे आमच्याकडची सगळ्यात वाईट खोली, काचेची, बाहेरून जाणारा प्रत्येक जण आत बघतो, प्रोजेक्टर चालत नाही. साहेब "या या शेठ" करत उठले, जरा जास्तच उठले.

मग मी सुरू केलं. मागच्या महिन्यात वीस हजार पीस आले, चौतीस रिजेक्ट, त्यातले एकवीस भोकाच्या सेंटरवरून. खरं सांगायचं तर हे आकडे वाईट नव्हते, यासाठी कोणी कोणाला चाकणला बोलावत नाही. काका प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते, मुलगा वहीत लिहून घेत होता, आणि साहेब मध्येच "बरोबर, सेंटर महत्त्वाचा" असं म्हणत होते. दहा मिनिटांत माझं संपलं. साहेबांनी डोळ्यांनी खूण केली, अजून बोल. मी पॅकिंगवर बोलले. गंजावर बोलले. पावसाळा अजून तीन महिने लांब होता तरी पावसाळ्यातल्या गंजावर बोलले.

सव्वाअकराला दार उघडून आपले शिंदे आत.

साहेब त्यांना नको येऊ सांगायचं विसरले होते. शिंदे नाक पुसत आले, खाली मान घालून फाईल चाळत, "सॉरी साहेब लेट झाला, नवीन पार्टीचं सॅम्पल स्टोअरमधून काढून आणत होतो, आणि डायचं म्हणाल तर आपलीच आहे, पीओ सापडला," असं सगळं एका दमात बोलून त्यांनी ब्रॅकेट टेबलावर ठेवलं आणि मग वर बघितलं. वर बघून त्यांना जी शिंक आली ती खरी होती की कसं माहीत नाही, पण ती शिंक संपेपर्यंत कोणी काही बोललं नाही आणि संपल्यावरही बोललं नाही.

काकांनी हात लांब करून ते ब्रॅकेट उचललं. खिशातून चष्मा काढला. आधी कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश, पूर्ण गोल, मग भोकाच्या आतून करंगळी. खिडकीकडे धरून एक डोळा मिटून बघितलं. "बर येतीये," ते मला म्हणाले, "इथं हात लावा मॅडम. पंच आणि डायमध्ये गॅप जास्त ठेवलाय, नाहीतर पंच बोथट झालाय." मी हात लावला. कापलेल्या कडेला पत्र्याची बारीक धार बोटाला लागत होती. "बाकी काम चांगलंय. बेंड एकदम बरोबर." मग उलटं करून अजून एकदा बघितलं आणि हसले. "हे पप्पूनं केलंय. आमच्याकडंच होता नऊ वर्षं, आता कुरुळीत शेड टाकलंय. त्याला लोकेटर पिन डावीकडून द्यायची सवय, कितीदा सांगितलं तरी जात नाही."

कॉस्टिंगच्या शिंद्यांनी फाईल बघितली, पार्टी कुरुळीचीच होती.

साहेब म्हणाले, "शेठ, म्हणजे त्याचं काय झालं की तो मेल..."

"कळलं होतं साहेब," काका म्हणाले. "मंगळवारीच. पोरानं दोनदा वाचून दाखवला. नंतर तो परत घ्यायचा मेल आला तेव्हा तर पक्कं झालं."

"मग तुम्ही..."

"दोन महिने तुमची वेळ मागतोय. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये, गेटवर आलो की साहेब लाईनवर. आयती वेळ आली, तीपण रूम नंबरासकट. नाही कशाला म्हणू?" आवाज चढलेला नव्हता, हेच जास्त लागत होतं. "कॉस्ट ब्रेकअप आणा म्हणलेलं, ते आणलंय."

मुलाने कागद सरकवला. एकच पान. पत्रा, प्रेसचं तासाचं भाडं, माणसं, प्लेटिंग, टेम्पो, आणि शेवटी एक ओळ, जी आमच्या फॉरमॅटमध्ये नसते: व्याज. आमच्याकडे त्यांची अकरा लाख चाळीस हजारांची बिलं अडकली होती, सगळ्यात जुनं सत्त्याण्णव दिवसांचं. पत्र्याचा व्यापारी त्यांना उधारी देईना, रोख असतील तेवढाच पत्रा, म्हणून माल तुकड्यातुकड्यात. जानेवारीत आमची लाईन तीनदा थांबता थांबता राहिली आणि त्यावरूनच हा सेकंड सोर्स निघालेला. तेव्हा सगळे म्हणाले भोसरीला गुरुवारी लाईट नसते, म्हातारा झालाय, पोरगं लक्ष देत नाही. मीपण त्यात मान हलवलेली. बिलांचं कोणीच काढलं नव्हतं, कारण बिलं अकाउंट्सकडे आणि लाईन आमच्याकडे.

मुलगा पहिल्यांदाच बोलला. "सर आपलं उद्यम रजिस्ट्रेशन आहे, मायक्रोमध्ये. लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या वर उधारी नाही ठेवता येत. आणि 31 मार्चला आमचं राहिलेलं असलं तर इन्कम टॅक्समध्ये 43बी एच खाली तो खर्च तुम्हाला या वर्षी नाही धरता येणार, देताल त्या वर्षी धरायचा." त्याने हे पाठ केलं असावं, कारण संपल्यावर त्याने बापाकडे बघितलं, बरोबर म्हटलं ना अशा नजरेनं.

धमकी म्हणायची तर धमकी होती, पण ती इतक्या अदबीनं आली की साहेबांनी "हो ना, बरोबर आहे" म्हणून टाकलं. मग त्यांनी तिथूनच अकाउंट्सला फोन लावला आणि आम्हा सगळ्यांसमोर, काचेबाहेरून बघणाऱ्यांसमोर, आवाज चढवला. तो आवाज अकाउंट्ससाठी कमी आणि खोलीसाठी जास्त होता, तरी चढवला.

चहा आला. कोणीतरी चारच सांगितले होते, माणसं पाच. आपल्या शिंद्यांनी मला सर्दी आहे म्हणून नको म्हटलं, सर्दीला चहा का नको ते कोणी विचारलं नाही.

निघताना साहेब म्हणाले, "शेठ, सेकंड सोर्स मात्र करावा लागेल, वरून ऑडिटमध्ये आलंय."

"करा की. पप्पूला तीस टक्के द्या, डाय नवीन बनवा, माझी उचलू नका. आणि त्याला पैसे वेळेवर द्या, त्याचं नवीन लग्न झालंय." मग गेटपासवर साहेबांची सही घ्यायची राहिली म्हणून मुलगा परत आत आला, भेटीचे कारण या रकान्यात त्याने लिहिलं होतं 'मीटिंग, साहेबांनी बोलावल्यावरून', आणि साहेबांनी त्याखाली मुकाट्याने सही केली.

सोमवारी चार लाख जमा झाले, बाकीचे प्रोसेसमध्ये. प्रोसेस म्हणजे काय ते नोकरी करणाऱ्यांना माहितीये. बुधवारपर्यंत काही हललं नाही, गुरुवारीही नाही.

शुक्रवारी पावणेअकराला गेटवरून सिक्युरिटीचा फोन, भोसरीचे शिंदे आलेत, अपॉइंटमेंट आहे म्हणतात. साहेब म्हणाले आज कसली अपॉइंटमेंट. सिक्युरिटीवाला म्हणाला साहेब मेल दाखवतायत ते, तुमचाच आहे, शुक्रवारी ११ वाजता लिहिलंय, तारीख नाहीये त्यात, सोडू का?