सतरा नंबरचं डेस्क

शाळेत लोखंडी बाक आले आणि जुनी लाकडी डेस्कं मागच्या शेडमध्ये एकावर एक टाकली गेली, त्या वर्षी मी त्यातलं एक मागून घरी आणलं. का आणलं असं कुणी विचारलं की मी सांगायचे, सागवान आहे, उगाच जळणात जाईल. खोटं नव्हतं ते. पण घरी आलं आणि गॅलरीत पडलं, त्यावर कुंड्या आल्या, कुंड्यांवर पाणी, आणि मी रिटायर होऊनसुद्धा सात वर्षं झाली तरी ते तिथेच, ऊनपाऊस खात उभं.

मग जवळच्या मुलांच्या वाचनालयात एक जण बसेल असं छोटं टेबल हवंय असं कळलं. मी लगेच सांगून टाकलं, माझ्याकडे आहे, देते. आणि घरी येऊन कुंड्या उचलल्या तर माझंच मन खट्टू झालं. पाच काळी वर्तुळं, एक पाय लटलटतोय, झाकणाची बिजागरी गंजून अशी धरलेली की झाकण दोन बोटंसुद्धा उघडेना. असं कुणाला द्यायचं? आपल्याला नको झालेली वस्तू दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणं म्हणजे देणं नव्हे, मला तरी तसं वाटत नाही.

सूनबाईला सुट्टी होती. ती म्हणाली, "आई, मिस्त्रींना बोलवायच्या आधी आपण दोघी बघू ना, जमेल तेवढं."

पहिला दिवस नुसता धुळीत गेला. आधी कोरड्या ब्रशने सगळं झाडलं, कोपऱ्यातली माती दाभणाने उकरून काढली, मग साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळून पुसलं. घट्ट पिळून हे महत्त्वाचं, लाकडाला पाणी पाजायचं नसतं. खालच्या बाजूला चिकटवलेलं च्युइंगगम निघालं, दगडासारखं झालेलं, त्यावर बर्फाचा खडा धरला आणि पट्टीने टकटक केलं तर तुकडे होऊन पडलं. किती वर्षांचं असेल ते. बिजागरीच्या स्क्रूंवर तेलाचे दोन दोन थेंब सोडले आणि रात्रभर तसंच ठेवलं. घाई करून फिरवलं की स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग तो कुणाच्याच बापाला निघत नाही.

पुसताना बाजूच्या फळीवर पांढऱ्या रंगात आकडा दिसला. १७. मी तो वाचला आणि पुढे पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी वरची फळी घासायला घेतली. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०, आणि सगळं लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच, आडवं घासलं की ओरखडे उठतात आणि ते पॉलिश लावल्यावर जास्तच दिसतात. दोघींनी नाकातोंडाला फडकी बांधली होती. काळ्या वर्तुळांतली तीन गेली, दोन राहिली, फिकट होऊन. एका ठिकाणी लाकूड दबून खड्डा पडला होता, कशाचा तरी मार बसलेला, तिथे ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली. वाफेने दबलेलं लाकूड फुगतं आणि वर येतं. हे मला मिस्त्रींनीच कधीतरी सांगितलेलं, आणि खरंच आलं वर, जवळजवळ सपाट. कर्कटकाने कोरलेल्या रेघा मात्र हलल्या नाहीत. दबलेलं उठतं, चिरलेलं नाही उठत.

दमले म्हणून मी खुर्चीत बसले आणि सूनबाई डेस्कसमोर स्टुलावर बसून घासायला लागली. ती डावरी आहे. डाव्या हातात पेपरची घडी, आणि डावं कोपर टेकवलेलं, आणि मी सहज बघत होते तर माझ्या लक्षात आलं की तिचं कोपर फळीच्या कडेला एका उथळ खोलगट जागी बरोब्बर बसलंय. कुणीतरी साच्यात घालून बसवावं तसं. मी उठले, तिला हात उचलायला सांगितला, बोट फिरवून बघितलं. उजव्या बाजूची कड धारदार, कोरी. डावीकडची गुळगुळीत, वाटीसारखी झिजलेली.

"काय झालं आई?"

"काही नाही, घास तू," म्हटलं मी.

पण १७ नंबर म्हणजे तिसरी रांग, खिडकीजवळ, हे मला पहिल्याच दिवशी आठवलं होतं. तिथे चौथीतला एक मुलगा बसायचा, डावखुरा. मी त्याच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायचे. रोज. दिवसातून पाच पाच, सात सात वेळा. मारलं कधी नाही, हे मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आलेय, मी कधी मारलं नाही त्याला, नुसती पेन्सिल बदलली. तेव्हा आम्हाला तेच बरोबर वाटायचं, आमच्या आधीच्या बाईंनाही तेच वाटायचं, पुढे मुलाचं अडेल, शाई पुसली जाईल, लोक नावं ठेवतील. उजव्या हाताने त्याची अक्षरं ओळीवरून घसरत खाली जायची आणि मी वहीत लाल पेनने लिहायचे, अक्षर सुधार. वर्ष संपेपर्यंत तो उजव्या हाताने लिहायला लागला. मी स्टाफरूममध्ये अभिमानाने सांगितलं होतं. त्याच वर्षात त्याने उत्तराला हात वर करणं बंद केलं, हे मी सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ते नंतर आलं, फार नंतर, नातीने पहिल्यांदा खडू डाव्या हातात धरला तेव्हा.

तर हे सगळं मनात घेऊन मी तिसऱ्या दिवशी बिजागरीचे स्क्रू काढले. तेल मुरलं होतं, हळूच फिरले. चार स्क्रू निघाले आणि झाकण एकदम हातात आलं, हलकं, आणि मी ते उलटं करून मांडीवर घेतलं.

आतल्या बाजूला पॉलिश कधी लागलंच नव्हतं, कोरं लाकूड. आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. बारीक अक्षरात, ओळीच्या ओळी. क का कि की. मग मूळाक्षरं. मग त्या वर्षीच्या पुस्तकातले कठीण शब्द, मी फळ्यावर लिहून द्यायचे तेच, प्रकाश, क्षितिज, ज्ञानेंद्रिय. वळणदार अक्षर, वेलांटी कशी पूर्ण गोल, ओळ सरळ, शिरोरेघ एका दमात ओढलेली. मुलं झाकण वर करून डबा नाहीतर पुस्तक शोधतोय असं दाखवतात आणि त्याआड काय काय करतात, छत्तीस वर्षं शिकवल्यावर ते मला माहीत आहे. हा त्याआड लिहीत होता.

सूनबाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. ती म्हणाली, "डावऱ्या हाताचं आहे हे."

"कशावरून?"

"फासलंय बघा ना." तिने बोट न लावता दाखवलं. प्रत्येक ओळीवर, सुरुवातीपासून शेवटाकडे, पेन्सिलीचा करडा धूसर पट्टा. "आपण लिहीत पुढे जातो ना तसा आमचा तळहात लिहिलेल्यावरूनच जातो. माझ्या सगळ्या वह्या अशाच असायच्या. हाताची ही कड कायम काळी." आणि तिने करंगळीखालची कड मला दाखवली, जणू ती आजही काळी असेल.

मी पॉलिश पेपर खाली ठेवला. त्या दिवशी पुढे काही केलंच नाही.

मिस्त्री चौथ्या दिवशी आले. पायाचं कुसू आकसलं होतं, त्यांनी पाय पूर्ण काढला, जुना सरस खरवडला, कुसवाला पातळ चिपळी चिकटवून नवा सरस लावून ठोकून बसवलं आणि दोरीने आवळून एक रात्र ठेवायला सांगितलं. स्क्रूची भोकं मोठी झाली होती, त्यात सरसात बुडवलेल्या काड्या ठोकल्या. मग म्हणाले, "बाई, हे दौतीचं भोक बुजवून टाकू का? आता दौत कोण वापरतंय."

भोक उजव्या कोपऱ्यात होतं, पेन्सिल ठेवायची खाचही उजव्या अर्ध्यातच.

"बुजवू नका," मी म्हटलं. "पेनं उभी ठेवता येतील त्यात. आणि तसंच एक डावीकडे पाडून द्याल का? खाच पण पुढे वाढवा, पार त्या टोकापर्यंत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फळीकडे, मग कानामागची पेन्सिल काढून माप घेतलं. का म्हणून विचारलं नाही. नवं भोक पाडल्यावर आतली कड त्यांनी इतकी मऊ घासली की बोट घातलं तर कुठे काही टोचेना.

वरून मी जवसाचं तेल लावलं, उकळलेलं मिळतं ते. पातळ हात, पंधरा वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढायचं, दिवसभर वाळू द्यायचं, परत. असे तीन हात. पहिल्या हाताला लाकूड एकदम जागं झाल्यासारखं दिसलं, मधासारखा रंग, आणि रेषा अशा उठून आल्या की सूनबाई हातातलं काम टाकून आली. तेलाची फडकी मात्र गोळा करून ठेवू नका कधी, बोळा करून टाकली की आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात. आम्ही ती पाण्यात बुडवून मग बाहेर सुटी पसरून वाळवली. डावीकडची वाटी मी घासली नाही. तेल तेवढं लावलं, बोटानेच.

झाकणाच्या आतल्या बाजूला तेल चालणार नव्हतं, पुसावं लागतं आणि पुसलं की अक्षरं गेली. म्हणून लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये पातळ केलं, आधी रिकाम्या कोपऱ्यावर एका रेघेवर करून बघितलं, आणि मग रुंद मऊ ब्रशने एकदाच, न दाबता, परत न फिरवता. माझा हात थरथरत होता म्हणून ते सूनबाईने केलं. डाव्या हाताने. एकही अक्षर हललं नाही.

वाचनालयात आम्ही ते खिडकीजवळ ठेवलं. तिथल्या ताई खूश झाल्या, फळीवरून हात फिरवत राहिल्या, मग झाकण उघडलं आणि थबकल्या.

"हे आतलं पुसायचं राहिलं का?"

"नाही, ते राहू द्या," मी म्हटलं.

"कुणी लिहिलंय?"

"माझ्या वर्गात एक मुलगा होता," मी म्हटलं. "अक्षर फार सुंदर होतं त्याचं."