विषय : भोगवटा प्रमाणपत्र व पूर्णत्वाच्या दाखल्याबाबत (सदनिका बी-704, बाणेर, पुणे)

दि. 12 जून 2025

प्रति,
प्रकल्प व्यवस्थापक

महोदय,

30 जूनपर्यंत अंतिम ताबा घेण्याचे आपले पत्र मिळाले. सोबत महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र नाही, पूर्णत्वाचा दाखलाही नाही. ‘ओसी येईलच, तोवर फर्निचर करून घ्या’ हे तोंडी आश्वासन मला मान्य नाही. सातव्या मजल्यावर माझी वृद्ध आई राहणार आहे. लिफ्ट आणि अग्निशमन व्यवस्था मंजूर झाल्याचा कागद मला आधी हवा.

रेरा कायदा 2016, कलम 11(4) नुसार ही प्रमाणपत्रे मिळवून खरेदीदारांना उपलब्ध करून देणे आपली जबाबदारी आहे. कलम 19(10) मधील दोन महिन्यांची मुदतही भोगवटा प्रमाणपत्रापासूनच सुरू होते. त्यामुळे आजपासून देखभाल शुल्क आकारू नये.

दोन्हींच्या प्रती 15 दिवसांत द्याव्यात. त्या मिळताच ताबापावतीवर सही करीन.

आपली,
खरेदीदार, सदनिका बी-704