साइट इन्स्ट्रक्शन नं. २३: बी विंग, तिसरा मजला, खराब वीटकाम पाडून नव्याने करणे

तारीख १४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार, संध्याकाळ
प्रति: वीटकाम ठेकेदार
साइट: पाथर्डी फाटा, नाशिक

शेठ नमस्कार, सकाळी मुकादमाला तोंडी सांगितलंच आहे पण तोंडी सांगितलेलं दुपारी जेवणानंतर कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून लेखी देतोय. याची प्रिंट साइट रजिस्टरला लावलीय, उद्या सकाळी सही करून जा.

पाडायच्या भिंती दोनच आहेत. पहिली फ्लॅट ३०४ ची उत्तरेची बाहेरची ९ इंची भिंत, ग्रिड सी५ ते सी६ च्या मधली, किचनच्या खिडकीची, ४.२ मीटर लांब आणि लिंटेल लेव्हलपर्यंत २.१ मीटर उंच. दुसरी त्याच फ्लॅटची कॉमन टॉयलेट आणि पॅसेजमधली साडेचार इंची, २.१ मीटर लांब, बीमपर्यंत २.७ मीटर. दोन्हींवर लाल ऑइल पेंटने फुली मारलीय. शेजारच्या बेडरूमची भिंत चांगली आहे, तिला हात लावायचा नाही, उगाच जोशात तीही पाडाल.

आता काय बिघडलंय ते. बाहेरच्या भिंतीला तुमच्या मुकादमासमोरच ओळंबा लावला, २.१ मीटरमध्ये १९ मिलिमीटर बाहेर गेलीय. आयएस २२१२ प्रमाणे ३ मीटर उंचीला ६ मिलिमीटर चालतात. "प्लास्टरमध्ये निघून जाईल" असं गवंडी म्हणतोय, पण मग बाहेरून कुठे नुसता हात फिरवायचा आणि कुठे दीड-दोन इंच थर चढवायचा असं होईल, आणि तो जाड थर पहिल्या उन्हाळ्यात सुटून खाली येतो. त्यापेक्षा वाईट म्हणजे उभे सांधे रिकामे आहेत. विटेच्या पुढच्या कडेला थापीने थोडा माल लावलाय, आत पोकळ, चार-पाच ठिकाणी पट्टी सरळ आरपार गेली, आडवे सांधे १० चे पाहिजेत तिथे २० ते २५. विटा तर न भिजवता लावल्यात, एक वीट हाताने हलवली तर कोरडीच्या कोरडी निघून आली, खाली माल पावडरसारखा. ही पावसाच्या बाजूची भिंत आहे, पाणी थेट किचनच्या ओट्यामागे येणार.

टॉयलेटच्या भिंतीचं कारण वेगळं, तिला पाटलीच नाही. ड्रॉइंगमध्ये दर मीटरला ३ इंची आरसीसी पाटली, २ नग ८ एमएमचे बार, स्पष्ट दाखवलंय, आणि त्याच भिंतीवर वॉश बेसिन टांगायचंय.

पाडताना घण मारायचा नाही, कॉलमला आणि स्लॅबला हादरा नको, वरून एकेक थर छिन्नी-हातोड्याने काढा. डेब्रिज लिफ्टच्या डक्टमधून खाली सोडायचं नाही, मागच्या वेळी वॉचमन थोडक्यात वाचला. निघालेल्या विटा परत भिंतीत चालणार नाहीत, बाथरूमच्या भरावात टाका.

मुदत: गुरुवार १६ तारीख संध्याकाळी ६ पर्यंत दोन्ही भिंती पाडून डेब्रिज खाली. शुक्रवारी सकाळी मी पहिला थर आणि लाइनदोरी बघणार, त्याशिवाय दुसरा थर चढवायचा नाही. बाहेरची १:६, टॉयलेटची १:४, विटा आदल्या रात्रीच टाकीत, एका दिवसात सव्वा मीटरच्या वर नाही. रविवार १९ संध्याकाळपर्यंत दोन्ही पूर्ण. मग दिवाळी आहे, सगळे गावी जाणार हे माहितीय आणि जावं पण, फक्त २० ते २६ रोज दोन वेळा पाणी मारायला तुमचा एक माणूस इथे पाहिजे, लक्ष्मीपूजनाला धरून. त्याचं नाव शनिवारपर्यंत मला द्या.

पैशाचं सरळ सांगतो. या दोन भिंती तुम्ही आरए बिल ४ मध्ये लावल्यात, बाहेरची खिडकी वजा करून १.६१ घनमीटर, ६,२०० च्या दराने ९,९८२, आणि टॉयलेटची ५.६७ चौरस मीटर, ९५० ने ५,३८६.५०. एकूण १५,३६८.५० आता बिलातून कापतोय. नवीन काम पास झालं की हीच रक्कम आरए ५ मध्ये एकदाच मिळेल. पाडायची मजुरी, नव्या विटा, वाळू, डेब्रिजची गाडी तुमच्याकडे. सिमेंट आमचं असतं, पण जास्तीच्या ४ बॅगा ३६० प्रमाणे १,४४० तुमच्या खात्यावर. जादा काम म्हणून कुठलंही व्हाउचर आणू नका.

गुरुवारी ६ वाजता भिंती उभ्याच दिसल्या तर शुक्रवारी मी दुसरी गँग लावणार, तिचा सगळा खर्च अधिक १० टक्के तुमच्या बिलातून, वर्क ऑर्डरच्या कलम १४ प्रमाणे. आणि १९ नंतर उशिराचे दिवसाला २,००० वेगळे, कारण लिंटेलचं शटरिंग आणि मागे प्लास्टरवाला दोघेही या भिंतीवर अडलेत.

मोजमापाबद्दल काही म्हणणं असेल तर उद्या ११ च्या आत या, ओळंबा परत लावू. ११ नंतर तोडायला सुरुवात करा.

साइट इंजिनीअर, बी विंग
प्रत: प्रोजेक्ट मॅनेजर, बिलिंग