कार्यपत्रिका: सममिती, फरसबंदी आणि घनाकृतींच्या घडणी

इयत्ता आठवी, गणित (भूमिती). ठाणे. वेळ: ५० मिनिटे. एकूण गुण: २५.

या कार्यपत्रिकेत एकही आकृती छापलेली नाही. प्रत्येक आकृतीचे वर्णन शब्दांत दिले आहे. ते सावकाश वाचून आकृती स्वतः वहीत काढावी आणि मगच उत्तर लिहावे. पट्टी, कंपास, कात्री आणि चौकटींचा कागद जवळ ठेवावा. केवळ उत्तरास निम्मे गुण मिळतील, उरलेले निम्मे कारणास.

प्रश्न १. (४ गुण) ज्या रेषेवर घडी घातली असता आकृतीचे दोन भाग एकमेकांवर तंतोतंत बसतात, ती रेषा म्हणजे सममिती अक्ष होय. ६ सेमी लांब व ४ सेमी रुंद आयत कागदातून कापा आणि त्याच्या कर्णावर घडी घाला. कर्णामुळे आयताचे दोन एकरूप त्रिकोण होतात, तरीही कर्ण हा आयताचा सममिती अक्ष का नाही, हे घडी पाहून लिहा. चौरसाच्या बाबतीत काय बदलते?

प्रश्न २. (५ गुण) गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी ठाण्यातील एका चौकात रांगोळी काढायची आहे. एका बिंदूभोवती समान अंतराने आठ एकरूप पाकळ्या असून प्रत्येक पाकळी तिच्या मध्यरेषेभोवती सममित आहे.
(अ) सर्व पाकळ्या एकाच रंगाच्या असतील, तर रांगोळीला किती सममिती अक्ष असतील, आणि पूर्ण फेरीत ती किती वेळा मूळ स्थितीशी जुळेल?
(आ) आता पाकळ्या एकाआड एक केशरी व पिवळ्या रंगवल्या. रंगही जुळायला हवा, अशी अट घातल्यास वरील दोन्ही संख्या किती होतील? कोणते अक्ष टिकले व कोणते गेले, ते आकृतीवर दाखवा.
(इ) रंग पुन्हा एकच ठेवून प्रत्येक पाकळीचे टोक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सारखेच वळवले. एकही सममिती अक्ष उरत नाही, तरी फिरवल्यावर रांगोळी जुळते. ती किती अंशांतून फिरवल्यावर प्रथम जुळेल?

प्रश्न ३. (६ गुण) फरशा एकमेकींवर न चढता आणि मध्ये फट न ठेवता पृष्ठभाग झाकत असतील, तर त्या रचनेला फरसबंदी म्हणतात. त्यासाठी ज्या बिंदूपाशी फरशांचे कोपरे एकत्र येतात, तेथील कोनांची बेरीज ३६०° व्हावी लागते. पदपथावरील सुसम षटकोनी पेव्हर ब्लॉक डोळ्यांसमोर आणा. (पदपथाच्या सरळ कडेला सिमेंट भरलेले दिसते, परंतु तो कडेचा प्रश्न आहे, येथे मधल्या भागाचाच विचार करावा.)
(अ) एका कोपऱ्यापाशी तीनच षटकोन का येतात?
(आ) सुसम पंचकोनाचा प्रत्येक कोन १०८° असतो. एका बिंदूभोवती तीन पंचकोन ठेवल्यास किती अंशांची फट उरते? चौथा का बसत नाही?
(इ) दोन सुसम अष्टकोनांबरोबर कोणता सुसम बहुभुज ठेवल्यास फट बुजते?
(ई) पुठ्ठ्यातून चारही बाजू असमान असलेल्या चौकोनाच्या आठ एकरूप प्रती कापा. प्रत्येक नवी प्रत सामाईक बाजूच्या मध्यबिंदूभोवती अर्धी फेरी फिरवून लावत गेल्यास फरसबंदी होते. चौकोनाच्या कोनांच्या बेरजेचा आधार घेऊन कारण लिहा.

प्रश्न ४. (६ गुण) सहा चौरसांच्या पुढील मांडण्या चौकटींच्या कागदावर काढा. घनाच्या एकूण ११ वेगळ्या घडणी आहेत; यांपैकी कोणत्या त्यांत मोडतात, ते आधी मनात घडी घालून ठरवा आणि नंतर कापून तपासा.
पहिली: क, ख, ग, घ हे चार चौरस एका आडव्या ओळीत, ख च्या वर च आणि ग च्या खाली छ.
दुसरी: तीच ओळ, परंतु ख च्या वर च आणि घ च्या वर छ.
तिसरी: वरच्या ओळीत तीन चौरस, खालच्या ओळीतही तीन, परंतु त्यांतील पहिला चौरस वरच्या तिसऱ्याच्या बरोबर खाली.
पहिल्या मांडणीत समोरासमोर येणाऱ्या पृष्ठांच्या तीन जोड्या लिहा. तिसऱ्या मांडणीला सममिती अक्ष आहे का? अर्धी फेरी फिरवल्यास ती जुळते का?

प्रश्न ५. (४ गुण) सपाट जमिनीवर एका बिंदूभोवती चार चौरस बसतात, तर घनाच्या शिरोबिंदूपाशी तीनच येतात. तेथील कोनांची बेरीज काढा आणि ३६०° पेक्षा ती कमी असल्यामुळेच कागद वर उचलला जातो, हे घडी घालून पाहा. त्याच रीतीने प्रत्येक शिरोबिंदूपाशी तीन, चार, पाच आणि सहा समभुज त्रिकोण जोडून पाहा. कोणत्या संख्यांपासून घनाकृती तयार होते आणि कोणत्या संख्येला फक्त फरसबंदी मिळते, ते बेरजांसह लिहा. प्रश्न ३ (आ) मधील फट येथे मिटवून तीन पंचकोनांच्या कडा जोडल्यास काय होईल?