गोरज मुहूर्ताला येता येत नाही, त्याबद्दल

प्रकाशराव, सप्रेम नमस्कार.

परवा ऑफिसात गडबडीत नीट बोलता आलं नाही, म्हणून आज सवडीनं लिहितोय. चि. सौ. कां. स्नेहलची पत्रिका घरी आणून देवापुढं ठेवली. संध्याकाळी सगळ्यांनी वाचली. आईनं तर मुलगा कुठला, काय करतो, घरात कोण कोण आहे, सगळं विचारून घेतलं. लेकीला चांगलं स्थळ मिळालं, मनापासून आनंद झाला.

आणि तुम्ही स्वतः आलात याचं फार बरं वाटलं. आपला संबंध तसा महिनाअखेरीला ताळमेळ जुळवतानाच्या फोनवरचा. पत्रिकेचा फोटो मोबाइलवर पाठवला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण लग्नघरातली एवढी कामं सोडून तुम्ही गडहिंग्लजहून दसरा चौकात आलात आणि अक्षता ठेवून पत्रिका हातात दिलीत. अशा आमंत्रणाला नुसतं 'बघतो, जमवतो' म्हणून ठेवणं मला योग्य वाटत नाही. म्हणून आजच स्पष्ट सांगतो: रविवारी आम्हाला येता येणार नाही.

त्याच दिवशी बार्शीला माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलीचं लग्न आहे. तिथला मुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा, तुमच्याकडं गोरज. दुपारच्या अक्षता टाकून लगेच निघालो तर संध्याकाळपर्यंत गडहिंग्लज गाठता येईल का, हेही घरात बोलून बघितलं. पण बार्शी पडली पंढरपूरच्याही पुढं. शिवाय मी मुलीचा मामा. भटजी 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं' म्हणतील तेव्हा तिला बोहल्यावर आणायचं, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, आणि रात्री पाठवणी झाल्याशिवाय बहिणीला एकटं सोडून निघायचं नाही. तुम्ही स्वतः मुलीचे वडील आहात, त्यामुळं यापुढं काही समजावून सांगायला नको. आम्ही सगळे शुक्रवारीच निघतोय आणि सोमवारी रात्री परत येऊ.

केटररला पानांचा आकडा द्यायचा असेल, तर आमच्या घरची पानं त्यात धरू नका.

मुख्य शाखेतली बाकीची मंडळी रविवारी येतायत. त्यांच्याबरोबर आमच्या घरून खण-नारळ आणि हळद-कुंकू पाठवतोय. 'आहेर आणू नये' असं तुम्ही पत्रिकेत छापलंय, त्याचा मान ठेवूनच हे पाठवतोय, तेव्हा संकोच करू नका. लग्न लागल्यावर वहिनींनी आमच्या हिच्या वतीनं स्नेहलची ओटी भरावी, एवढीच हिची इच्छा आहे. तिनं तसं मुद्दाम लिहायला सांगितलंय.

लग्नानंतर नवी जोडी अंबाबाईच्या आणि जोतिबाच्या दर्शनाला येईलच. त्या दिवशी जेवण आमच्याकडं, शिवाजी पेठेत. देवळापासून घर जवळ आहे. तुम्ही आणि वहिनीही या. आदल्या दिवशी नुसता फोन करा. आईला दोघांना बघायचं आहे, आणि ती आता फारशी बाहेर पडत नाही, त्यामुळं तुम्हीच तिच्याकडं यावं ही विनंती. मांसाहार चालतो की नाही तेवढं आधी कळवा. नव्या जावईबापूंना कोल्हापुरात येऊन तांबडा-पांढरा चुकायला नको. देवदर्शनाच्या दिवशी पाळत असतील, तर गोडाचं जेवण करू.

कामाचंही एक सांगतो. लग्नानंतर तुम्ही आठवडाभर रजेवर आहात असं कळलं. मंगळवारी मी हजर होतोय. तुमच्या शाखेच्या ताळमेळाचं जे काही अडेल, ते तुमच्या माणसांनी थेट माझ्याकडं पाठवावं. मी इथून बघून घेतो, तसं साहेबांना सांगूनही ठेवलंय. मांडव परतणं, पाहुण्यांची बोळवण, देणी-घेणी, हे लग्नानंतरचे दिवसही धावपळीचेच असतात. त्यात ऑफिसच्या फोनची भर पडू नये असं मला फार वाटतं.

कार्य निर्विघ्न पार पडो. स्नेहलला आणि जावईबापूंना आम्हा सगळ्यांचे अनेक आशीर्वाद सांगा. वहिनींना नमस्कार. तुम्ही आता कामात असाल, उत्तराची घाई करू नका. दर्शनाचा दिवस ठरला की कळवा.

आपला,
दिलीप
मुख्य शाखा, कोल्हापूर