बाबांच्या साठीनिमित्त

नमस्कार मंडळी. आत्या, मामा, डेपोतले सगळे काका, आणि बाबा, आई.

साठीशांतीचा होम सकाळी झाला. आता दोन शब्द मला बोलायचे आहेत.

बाबांचा जन्म 1965 चा, आटपाडीकडच्या कोरडवाहू गावातला. बहात्तरच्या दुष्काळात ते सात वर्षांचे होते. आजी-आजोबा खडी फोडायला जायचे आणि हे धाकट्या आत्याला कडेवर घेऊन सुकडीच्या रांगेत उभे राहायचे. त्यामुळे आमच्या घरात ताटात अन्न टाकलेलं कधी चाललं नाही.

1989 ला बाबा विटा डेपोत कंडक्टर म्हणून लागले. चौतीस वर्षं नोकरी केली. आम्हाला दिवाळी तारखेनं कळायची नाही, बाबांच्या ड्युटीवरून कळायची. मुक्कामी गाडी असली की कॅशची बॅग उशाला घेऊन ते गाडीतच झोपायचे. घरी आले की आई खाकी पँटची दुमड उलटी करून झटकायची, आणि तिकिटं पंच करताना उडालेले गुलाबी, हिरवे, पिवळे कागदाचे ठिपके फरशीवर पडायचे. मी ते वेचून ठेवायची. त्यांचा चिकटवलेला एक मोर माझ्या चौथीच्या वहीत अजून आहे.

आज एक गोष्ट सगळ्यांसमोर सांगते. दहावीत माझा शाळेत पहिला नंबर आला. बक्षीस समारंभाला सगळ्यांचे वडील आले, माझे नव्हते. मी स्टेजवर रडवेली उभी होते. तेवढ्यात रस्त्यावरून गाडी गेली आणि दोन हॉर्न वाजले. ड्रायव्हरकाका, तुम्ही इथंच बसला आहात. बाबांनी तुम्हाला सांगून ठेवलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी चार दिवस बाबांशी अबोला धरला होता. बाबा, त्या चार दिवसांबद्दल तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. आज मी माफी मागते.

आई, तू सासू-सासऱ्यांचं दुखणं काढलंस, दोन म्हशी सांभाळल्यास, रात्री-अपरात्री येणाऱ्या माणसासाठी गरम भाकरी थापलीस. ही साठ वर्षं बाबांची असली, तरी त्यातली निम्म्याहून जास्त तुझीसुद्धा आहेत.

बाबा, दर आषाढीला तुम्ही जादा गाड्या घेऊन पंढरपूरला गेलात. हजारो माणसं विठ्ठलाच्या पायाशी पोचवलीत आणि स्वतः स्टँडवरूनच हात जोडून परत फिरलात. आई तर तुमच्यासोबत एकदाही गेली नाही. म्हणून दादानं आणि मी येत्या सोमवारची सकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढली आहेत. आईचं अर्धं, तुमचं पूर्ण. खिडकीची जागा तुम्ही घ्या. घंटी दुसरा कोणीतरी वाजवेल.

वहिनी, निरांजनं लावून झाली का? आत्या, ओवाळायला तुम्ही आधी या.