निवेदन संहिता, भाग २ : पाऊस, ओल आणि पेरणी

ताई, परवा गोरेगावच्या स्टुडिओत वाचायची ती हीच संहिता. चौकोनी कंसातला मजकूर तुमच्यासाठी आणि ध्वनिमुद्रकासाठी आहे, तो वाचायचा नाही. मूळ इंग्रजी निवेदन वर्गात शिकवल्यासारखं आहे. आपला माहितीपट मात्र ग्रामपंचायतीच्या पटांगणात, अंधार पडल्यावर, डास मारत बघितला जाणार. तिथं कुणी मागे नेऊन पुन्हा ऐकणार नाही. म्हणून शक्यतो एका वाक्यात एकच आकडा ठेवलाय. आकड्यानंतर एक श्वास सोडा.

दृश्य १. नांगरलेलं रान, लांबवर ढग

मृग लागला. आभाळ भरून येतं, वारा सुटतो, आणि ढग तसेच पुढे निघून जातात. महाराष्ट्रातल्या शंभर एकरांपैकी ऐंशीच्या आसपास एकर रान या ढगांच्याच भरवशावर आहे. देशात वर्षभराच्या पावसातला रुपयात बारा आण्यांच्या जवळपास पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो.

[पडद्यावर ‘सुमारे ७५ टक्के’ अशी पाटी आहे. जुन्या माणसांना बारा आणे चटकन कळतात, पोरं पाटी वाचतील.]

दृश्य २. शाळेच्या आवारातलं पर्जन्यमापक

बातम्यांत सांगतात, २५ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे आपल्या रानात नेमकं किती पाणी आलं? एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरभर जागेवर एक लिटर. गुंठ्याला शंभर लिटर. एकराला चार हजार लिटर. आता २५ मिलिमीटरचा हिशेब करा. एकराला एक लाख लिटर! दहा हजार लिटरचे दहा टँकर, थेट बांधाच्या आत.

[हा हिशेब मूळ निवेदनात नाही, मी घातलाय. तिथं पंधरा सेकंद नुसतं संगीत होतं. पुढचे सगळे आकडे या टँकरवर चढवायचे आहेत, म्हणून इथं घाई नको.]

दृश्य ३. दुपार, तापलेली माती

१८५० ते १९०० या काळाशी तुलना केली, तर २०११ ते २०२० या दहा वर्षांत पृथ्वीचं सरासरी तापमान १.१ अंशानं जास्त होतं. तुम्ही म्हणाल, एका अंशानं काय होतंय? सकाळ-दुपारमध्येच दहा-पंधरा अंशांचा फरक पडतो. पण हा फरक एका दिवसाचा नाही, एका गावाचाही नाही. सगळी जमीन, सगळे समुद्र, रात्र आणि दिवस धरून काढलेला आहे. हवा एका अंशानं तापली की तिच्यात शेकडा सात वाफ जास्त मावते. जिथं शंभर घागरी मावायच्या, तिथं एकशे सात. मग ढग रिता व्हायला लागला की दणक्यात होतो. आणि पाऊस उघडला की हीच तापलेली हवा रानातली ओल अधाशासारखी पिऊन टाकते.

[तापमानातल्या या फरकाच्या मूळ इंग्रजी शब्दासाठी कोशात ‘तापमान विसंगती’ मिळतं. बदनापूरकडच्या माझ्या आतेभावाला फोनवर वाचून दाखवलं, तर म्हणाला, “थर्मामीटर बिघडलंय का?” शब्द काढला. ‘बाष्पोत्सर्जन’ही त्याच फोनवर गेला, त्याच्या जागी हवेचं ओल पिणं आलं. ‘हवामान बदल’ पहिल्या भागात एकदा येऊन गेलाय, पण हवामान म्हटलं की लोकांना उद्याचा अंदाज आठवतो. यापुढे सगळीकडे ‘ऋतुमान’.]

दृश्य ४. पुराचं पाणी, वाहून गेलेला बांध

ऋतुमान बदललं, हे गावातली म्हातारी माणसं कधीची सांगतायत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ या काळातल्या पावसाच्या नोंदी तपासल्या. मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात आपला महाराष्ट्रही येतो, मोठ्या भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना तिपटीनं वाढलेल्या दिसल्या. पाऊस तिप्पट झाला, असा याचा अर्थ नाही. मोसमी वाऱ्यांचा जोर उलट मंदावलाय. पण पाऊस झोडपून काढतो, अशा वेळा वाढल्या.

[‘घटना’ या शब्दावर वजन द्या. तो निसटला तर लोक ऐकतील ‘पाऊस तिपटीनं वाढला’, आणि दुष्काळी गावात आपल्याला हसतील. इथं ‘ढगफुटी’ म्हणायचा मोह होईल, पण नको. हवामान खात्याच्या लेखी लहानशा भागात तासाभरात १०० मिलिमीटर पडला तर ती ढगफुटी. इथली गोष्ट वेगळी आहे.]

२६ जुलै २००५. मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मराठवाड्यात अख्ख्या पावसाळ्याची सरासरी सातशेच्या आत आहे. आपल्या टँकरच्या हिशेबानं एकराला तीनशे ऐंशी टँकर, एका दिवसात. एवढं पाणी कुठलं रान पिणार? ते माती घेऊन ओढ्याला जातं.

[‘नऊशे चव्वेचाळीस’ असं सावकाश म्हणा. आपल्या मुंबईकरांच्या आवाजात या तारखेला आपोआप कातरपणा येतो. तो नको, बघणाऱ्यांचं त्या दिवशी काही बुडालेलं नव्हतं.]

दृश्य ५. माना टाकलेलं सोयाबीन

आणि दुसरं टोक, ऑगस्ट २०२३. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. जिथं शंभर टँकर पाणी यायचं, तिथं चौसष्टच आले. ‘न पडतील मघा, तर ढगाकडे बघा’ म्हणतात. त्या वर्षी ढगाकडे बघूनही काही हाती लागलं नाही.

[आधी ‘रुपयात चौसष्ट पैसे पाऊस’ लिहिलं होतं. पण गावात पैसे म्हटले की तलाठ्याची पैसेवारी आठवते, आणि ती पिकाची असते. पन्नासच्या वर आहे म्हणजे दुष्काळ नाही, असा भलताच अर्थ निघाला असता.]

दृश्य ६. तिफण, हातातली माती

पहिल्या सरीवर तिफण धरायची ओढ कुणाला नसते? पण वरची चार बोटं ओली आणि खाली कोरडं, अशा रानात बी उगवतं आणि करपतं. मग दुबार पेरणी. कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. एकराला तीस ते चाळीस टँकर. तेवढं मुरू द्या, वाफसा येऊ द्या.

रुंद सरी-वरंब्यावर, म्हणजे बीबीएफनं पेरलं, तर जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं आणि उघडीप पडली तर सरीत मुरलेली ओल पिकाला पुरते. माती परीक्षणाच्या कागदावर ‘सेंद्रिय कर्ब’ लिहिलेलं असतं. तो जितका जास्त, तितकी माती पाणी धरते. पालापाचोळा, पिकाचं धसकट जाळलं की तोच कर्ब धुरात जातो.

[मूळ निवेदनात इथं ‘कार्बन’ आहे. कागदावर ‘कर्ब’ छापलेलं असतं, म्हणून कर्बच.]

मोबाइलवर येतं, उद्या पावसाची शक्यता ३० टक्के. म्हणजे तीस टक्के रानावर पडेल असं नव्हे. असं आभाळ दहादा आलं, तर तीनदा पडतो, सातदा नाही. फवारणी करायची की थांबायचं, हे त्या तीन-सातावर तुम्ही ठरवायचं.

मुठीत माती घ्या. दाबा. गोळा झाला आणि टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे. चिकटून राहिला, तर अजून थांबा.

[शेवटच्या दोन ओळी पडद्यावरच्या बाईंच्या हाताबरोबर जायला हव्यात. मूठ उघडते ०९:४२ ला. ‘फुटला’ त्याच क्षणी. पुढची आठ सेकंदं तिफणीचा आवाज तसाच ठेवा, खाली संगीत नको.]